भरकटलेल्या वर्षानंतर स्वतःला लिहायचं माफीचं पत्र

मी स्वतःला लिहिलेलं पहिलं माफीचं पत्र चार ओळींचं होतं. "झालं गेलं विसरून जा. वर्ष वाईट गेलं, पण तू वाईट नाहीस. मी तुला माफ केलं. आता नव्याने सुरुवात कर." लिहिल्यावर अर्धा तास बरं वाटलं. रात्री तीनला जाग आली तेव्हा टोचणी होती तिथेच होती, तसूभरही हललेली नव्हती.

त्या पत्रात काय चुकलं होतं ते कळायला मला बरेच दिवस लागले. मी नेमकं काय माफ केलं, हे त्यात कुठेच नव्हतं. अख्खं वर्ष कोणी माफ करू शकत नाही. माफ करता येते ती कृती: अमुक महिन्यात, अमुक माणसाशी तू असं वागलीस. ज्याचं नाव घेतलं नाही ते माफ होत नाही, फक्त झाकलं जातं. आणि झाकलेलं रात्री तीनला बरोबर वर येतं.

पुढे मी ते पत्र पुन्हा लिहिलं, चार बैठकींत. तीच पद्धत इथे सांगते, आणि उदाहरण म्हणून माझंच वर्ष घेते, कारण त्याचा तपशील माझ्याजवळ आहे.

बसण्याआधी दोन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट म्हणजे, ज्याबद्दल माफी द्यायची ते अजून चालू आहे का? 2011 साली मायकेल वोल आणि अँड्रिया थॉम्प्सन या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास केला. धूम्रपानाबद्दल स्वतःला माफ करून टाकणाऱ्यांची सिगारेट सोडण्याची तयारी कमी असल्याचं त्यात दिसलं. गंमत म्हणजे याच वोल यांनी आदल्या वर्षी, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांच्यासोबत, विद्यार्थ्यांच्या चालढकलीवर काम केलं होतं, आणि तिथे उलटं दिसलं होतं. पहिल्या परीक्षेच्या वेळच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. माझ्या मते फरक कळण्यासारखा आहे. पहिली परीक्षा होऊन गेली होती, सिगारेट मात्र अजून बोटांत होती. तुम्ही आजही कुणाशी तेच खोटं बोलत असाल, तर पत्र नंतर लिहा. आधी ते थांबवा, निदान थांबवायला सुरुवात तरी करा.

दुसरी गोष्ट तब्येतीची. कित्येक आठवडे झोप आणि भूक गेली असेल, किंवा जगूच नये असं मनात येत असेल, तर हे काम एकट्याने कागदावर करायचं नाही. जवळच्या माणसाला आजच सांगा आणि डॉक्टरांना भेटा. पत्र थांबू शकतं.

पहिली बैठक: वर्षाची यादी

वीस मिनिटं, बारा महिने, प्रत्येक महिन्याला दोन-तीन ओळी. काय घडलं एवढंच लिहायचं. "भयंकर", "मूर्खासारखं", "लाजिरवाणं" असले शब्द आज बंद.

आठवणीवर मात्र विसंबू नका. वाईट वर्ष आठवायला बसलं की मन एकच चिकट गोळा पुढे करतं आणि म्हणतं, बघ, सगळंच असं होतं. म्हणून फोनमधले फोटो तारखेप्रमाणे पाहा, बँकेच्या नोंदी काढा, जुने मेसेज चाळा. मला ठामपणे वाटत होतं की मी वर्षभर कुणाशी बोललेच नाही. मेसेज पाहिले तर मे महिन्यापर्यंत मी सगळ्यांना उत्तरं देत होते. जूनपासून थांबले. म्हणजे "मी माणूसघाणी झाले" असं नव्हतं, तर जूनमध्ये काहीतरी घडलं होतं. काय घडलं ते पुढे येईलच.

माझ्या यादीतला कामाचा भाग असा होता:

फेब्रुवारी: मीटिंगमध्ये वाद झाला. त्याच संध्याकाळी राजीनामा पाठवला. दुसरी नोकरी हातात नव्हती.
मार्च: घरी सांगितलं नाही. पाच आठवडे रोज सकाळी कामाला निघाल्यासारखी निघाले, वाचनालयात बसले.
एप्रिल: बाबांचं ऑपरेशन. घरी सगळं कळलं.
जून: दादाकडून पैसे घेतले. कोर्ससाठी म्हणून घेतले, गेले हप्त्यांत. दादाचे फोन उचलले नाहीत.
जुलै: मैत्रिणीच्या नव्या व्यवसायात भागीदार झाले.
ऑगस्ट: दुसऱ्या एका मैत्रिणीची आई गेली. फोन केला नाही.
ऑक्टोबर: व्यवसाय बंद.

बाकीच्या महिन्यांत फारसं काही नव्हतं. हेही नवीनच कळलं. वाया गेलेलं वर्ष म्हणून मी ज्याला रडत होते, त्यात खऱ्या गाठी सहा-सात होत्या.

यादी झाली की वही मिटा. त्याच दिवशी पत्र लिहायला घेऊ नका.

दुसरी बैठक: निवडणं

माझ्या मते सगळ्या पद्धतीतलं मोलाचं काम हेच आहे, आणि नवखे लोक नेमकं हेच गाळतात. यादीतल्या प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारायचा: त्या दिवशी मला काय माहीत होतं? आज काय माहीत आहे ते नाही. त्या दिवशी.

उत्तरावरून ओळींचे तीन ढीग होतात. पहिल्यात जे तुमच्या हातातच नव्हतं ते. दुसऱ्यात जो निर्णय त्या वेळच्या माहितीवर ठीक होता, पण फसला. तिसऱ्यात, चूक आहे हे त्या दिवशीही माहीत असून केलेलं. माफीचं पत्र फक्त तिसऱ्या ढिगाबद्दल असतं.

दुसरा ढीग ओळखणं सगळ्यात अवघड. एकदा निकाल कळला की "हे तर दिसतच होतं" असं वाटू लागतं. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली हे प्रयोगातून दाखवलं. ज्यांना घटनेचा शेवट आधी सांगितला होता त्यांना तोच शेवट जास्त संभाव्य वाटला, आणि आपल्याला हे न सांगताही कळलं असतं असं त्यांचं म्हणणं पडलं. नंतरचं शहाणपण असं मागच्या तारखेने आपल्या नावावर जमा होतं, आणि मग आपण स्वतःवर आरोप ठेवतो की माहीत असून केलंस.

माझा व्यवसायाचा निर्णय घ्या. पहिल्या रागाच्या भरात मी त्याला वर्षातली सगळ्यात मोठी चूक म्हटलं होतं. पण त्या दिवशी काय माहीत होतं हे विचारल्यावर कागदावर वेगळंच आलं. मी हिशेब पाहिले होते, तीन ग्राहक पक्के होते, मी सहा महिन्यांची मुदत ठरवून घेतली होती. त्यांतले दोन ग्राहक सप्टेंबरमध्ये गेले. जुलैमध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हा फसलेला डाव होता. त्याचं दुःख करावं, त्यातून शिकावं, पण त्यासाठी माफी मागायची गरज नाही.

मग मार्चकडे वळले. वाचनालयातले पाच आठवडे. तिथे उत्तर एका ओळीत मिळालं: मी घरच्यांना फसवते आहे हे मला रोज सकाळी दार ओढून घेताना माहीत होतं.

इथे मी थोडी थांबले होते. कारण वर्षभर मी स्वतःला झोडपत होते ते बुडालेल्या व्यवसायावरून, आणि रोजच्या त्या खोट्याचा विचार मी जवळजवळ केलाच नव्हता. नंतर मी ज्या दोन-तीन मैत्रिणींना हे पत्र लिहायला मदत केली त्यांच्या यादीतही असंच निघालं. फसलेल्या गोष्टीबद्दल माणूस स्वतःला मोठ्याने शिव्या देतो, कारण ती सगळ्यांना दिसलेली असते. लपवलेल्या गोष्टीबद्दल मात्र गप्प राहतो. रात्रीची जाग बहुधा या दुसरीने आणलेली असते.

राजीनाम्याची ओळ दोन ढिगांत विभागली गेली, आणि तसं होऊ द्यावं. वरिष्ठ बदलणं, कामाचे तास वाढणं माझ्या हातात नव्हतं. नोकरी सोडणं कदाचित बरोबरही होतं. पण त्याच संध्याकाळी, रागात, रात्र न जाऊ देता सोडणं माझं होतं. पत्रात "नोकरी सोडलीस" लिहायचं नाही, "रागात सोडलीस" लिहायचं. एवढा बारकावा हवाच.

शेवटी तिसऱ्या ढिगात चार गोष्टी उरल्या: रागातला राजीनामा, पाच आठवड्यांचं खोटं, दादाचे पैसे आणि न केलेला फोन. तुमच्याकडे दहा-बारा उरल्या तर या पत्रासाठी त्यांतल्या जास्त टोचणाऱ्या तीन-चार घ्या. एकही उरली नाही, तर कुठेतरी सारवासारव झाली आहे. यादी पुन्हा वाचा.

तिसरी बैठक: पत्र

अर्धा तास ठेवा. शक्य असेल तर हाताने लिहा. टाइप करताना आपण वाक्य खोडून गुळगुळीत करत जातो, आणि कागदावरची खाडाखोड नंतर उपयोगी पडते.

*कुणी कुणाला लिहायचं.* स्वतःच्या नावाने सुरुवात करा आणि "तू" म्हणा. "मी असं केलं" लिहिताना एकतर गळा दाटतो नाहीतर वकिली सुरू होते. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की मनातल्या मनात स्वतःशी बोलताना "मी" ऐवजी स्वतःचं नाव किंवा "तू" वापरलं, तर माणसाला स्वतःपासून थोडं अंतर मिळतं आणि ताणाच्या प्रसंगी तो सावरलेला राहतो. ते प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्यांवरचे. मराठीत आपल्याला आणखी एक निवड करावी लागते. "तुम्ही" लिहिलंत तर नोटीस येते. "अगं" किंवा "अरे" लिहिलंत तर घरातलं मोठं माणूस समोर बसल्यासारखं वाटतं. मी कागदी नाव सोडून घरी हाक मारतात ते नाव वापरलं. त्या नावाशी खोटं बोलणं मला जमत नाही.

*क्रियापद तपासा.* मराठीत जबाबदारी टाळायची सोय व्याकरणातच आहे, आणि ती आपण रोज वापरतो. "फोन करायचा राहून गेला." "सांगायला जमलं नाही." "माझ्याकडून चूक झाली." "पैसे खर्च होऊन गेले." या वाक्यांत करणारं माणूसच नाही. फोन आपण होऊन राहिला, पैसे आपल्या पायांनी गेले. एरवी बोलताना हे चालतं, त्यात एक नम्रपणाही असतो. या पत्रात चालत नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात "तुझ्याकडून घरी सांगायचं राहून गेलं" असं वाक्य होतं. पाच आठवडे राहून गेलं! ते खोडून "तू घरी सांगितलं नाहीस" लिहिलं, आणि त्याखाली "तू रोज ठरवून बाहेर पडलीस" लिहिलं, तेव्हा हात थांबला. बहुतेक ते वाक्य खरं होतं म्हणून.

लिहून झाल्यावर पेन घेऊन "झालं", "गेलं", "राहिलं", "घडलं" या शब्दांखाली रेघ मारा. प्रत्येक ठिकाणी विचारा, हे केलं कुणी? उत्तर "तू" असेल तर वाक्य बदला.

*कृतीला कृतीच म्हणा.* हे वरच्याच्या उलट टोकाचं. "तू खोटं बोललीस" लिहा, "तू खोटारडी आहेस" लिहू नका. मानसशास्त्रात अपराधीपणा आणि शरम यांत फरक करतात, आणि जून टँगनी यांचं बरंचसं काम याच फरकावर आहे. अपराधीपणा म्हणतो, मी वाईट केलं. शरम म्हणते, मीच वाईट. पहिल्यातून माणूस भरपाईकडे जातो, दुसऱ्यातून लपायला पाहतो. जूनमध्ये मला हेच झालं होतं. पैसे खोटं सांगून घेतले, त्याची शरम वाटली, म्हणून दादाचे फोन टाळले, आणि त्याच झटक्यात बाकीच्या सगळ्यांचेही टाळले. ऑगस्टमध्ये मैत्रिणीला फोन केला नाही त्याची मुळं जूनमध्ये होती. हे कारण आहे, सबब नाही. पत्रात दोन्हीला जागा द्या, पण आधी कृती आणि मग कारण. उलट क्रमाने लिहिलं की कारण कृतीला गिळून टाकतं.

*माफीचं वाक्य.* प्रत्येक कृतीला स्वतंत्र द्या. शेवटी एकगठ्ठा "सगळं माफ" लिहू नका. आणि "जाऊ दे" हे शब्द वापरू नका. "जाऊ दे" म्हणजे विषय सोडणं. "माफ करते" म्हणताना आधी कबूल करावं लागतं की माफ करण्याजोगं काही आहे.

माझं पत्र, थोडं कापून, असं होतं. नाव गाळलं आहे.

"प्रिय —,

फेब्रुवारीत तू रागात राजीनामा दिलास. नोकरी सोडायला कारणं होती, आणि ती मी इथे उगाळत नाही. पण तू एक रात्रही थांबली नाहीस. थांबावं हे तुला माहीत होतं, कारण पाठवायचं बटण दाबण्याआधी तू खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्यास. तीन महिने तुझं कुणी ऐकत नव्हतं, आणि तुला एकदा तरी काहीतरी ठणकावून सांगायचं होतं. त्या एका संध्याकाळीबद्दल मी तुला माफ करते.

मग तू घरी सांगितलं नाहीस. पाच आठवडे रोज सकाळी तू ठरवून बाहेर पडलीस आणि संध्याकाळी दमल्याचं नाटक केलंस. आईने एकदा विचारलं, काम कसं चाललंय, तर तू कामाचे किस्से रचून सांगितलेस. बाबांच्या तब्येतीची काळजी आधीच होती, त्यात भर नको असं तू स्वतःला सांगत होतीस. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं हे की त्यांच्या नजरेत तुला लहान व्हायचं नव्हतं. ते किस्से मला अजून टोचतात, म्हणून हे लिहायला वेळ लागतोय. पण तू घाबरलेली होतीस, आणि घाबरलेल्या माणसाला मी जन्मभर कोपऱ्यात उभं करणार नाही. माफ करते.

दादाकडून तू कोर्ससाठी म्हणून पैसे घेतलेस. घेताना तुला माहीत होतं की ते हप्त्यांत जाणार. खरं सांगितलं असतं तरी त्याने दिले असते, आणि म्हणूनच हे जास्त लागतं. खोटं बोललीस ते मी तुझ्यापुरतं माफ करते. पैसे आणि दादाचा विश्वास यांच्याबद्दल माफी द्यायचा अधिकार मला नाही. ते त्याला विचार.

ऑगस्टमध्ये मैत्रिणीची आई गेली आणि तू फोन केला नाहीस. पहिल्या दिवशी काय बोलावं कळलं नाही. चौथ्या दिवशी उशीर झाला असं वाटलं. महिन्याने तर फोन उचलायचीच भीती वाटायला लागली. माझ्या लेखी या वर्षातली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. ही मी आज माफ करत नाही. तू तिच्याशी बोल. मग मी पुन्हा लिहीन.

व्यवसाय बुडाला त्याबद्दल मी इथे काही लिहिलेलं नाही. ते तुझं पाप नव्हतं."

चौथ्या परिच्छेदात काय झालं ते पाहा. लिहिता लिहिता मला कळलं की एक गोष्ट मी अजून माफ करू शकत नाही. असं वाटलं तर तसंच लिहा. पत्र पूर्ण करायच्या नादात खोटी माफी देऊ नका. चारांपैकी तीन गोष्टी सुटल्या तरी पत्राने पुरेसं काम केलं.

त्या रात्री काय होतं

बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 च्या प्रसिद्ध प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या अवघड प्रसंगांबद्दल लिहिलं. लिहिल्याबरोबर त्यांची मनःस्थिती आणखी बिघडली. फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसला, ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून पत्र झोपण्याआधी लिहू नका, आणि लगेच मोठं काही काम लावून घेऊ नका. मी चालून आले आणि लवकर झोपले.

एखाद्या दिवसाचा जडपणा ठीक आहे. काळजीची खूण वेगळी असते. आठवडा उलटला, तुम्ही रोज लिहिताय, आणि दरवेळी तीच वाक्यं तशीच येतात, नवा तपशील नाही, नवं कारण नाही, तर तुम्ही लिहीत नाही, उगाळत आहात. अशा वेळी वही बंद करून एखाद्या विश्वासू माणसाला ते मोठ्याने सांगणं बरं, किंवा समुपदेशकाला. समोरचं माणूस मध्येच प्रश्न विचारतं, कागद विचारत नाही.

चौथी बैठक: मोठ्याने वाचणं, आणि बाकीच्यांचं देणं

दोन-तीन दिवसांनी पत्र दार लावून मोठ्याने वाचा. ज्या वाक्याला आवाज कोरडा आणि वेगवान होतो, तिथे बहुतेक तुम्ही काहीतरी चुकवलेलं असतं. ज्या वाक्यावर आवाज अडतो ते बहुतेक बरोबर असतं. ही शास्त्रीय कसोटी नाही, पण माझ्या बाबतीत ती दोन वेळा लागू पडली.

मग वेगळा कागद घ्या आणि पत्रात आलेल्या माणसांची नावं लिहा. प्रत्येकाला काय देणं लागता ते त्यापुढे लिहा: पैसे, खरं सांगणं, एक फोन. स्वतःला लिहिलेलं पत्र त्यांना दाखवू नका. ते वाचून समोरचा तुमचीच समजूत काढायला लागतो, आणि ज्याचं नुकसान झालं त्यालाच पुन्हा राबवल्यासारखं होतं. त्यांच्यासाठी दोन-तीन वाक्यं पुरतात. दादाला मी म्हटलं, "दादा, जूनमध्ये कोर्ससाठी म्हणून पैसे घेतले ते खोटं होतं. हप्ते भरायला घेतले होते. दर महिन्याला थोडे थोडे परत करेन, या महिन्यापासून." तो म्हणाला, "हप्त्यांचं मला तेव्हाच कळलं होतं. तू फोन का उचलत नव्हतीस ते सांग." म्हणजे मी ज्याची माफी मागायला गेले होते ते त्याला लागलंच नव्हतं, लागलं होतं ते दुसरंच. दुसऱ्याचं दुखणं आपण आपल्या मनाने ठरवू नये, त्यालाच विचारावं.

मैत्रिणीला फोन करायला मला आणखी तीन आठवडे लागले. "उशीर झालाय हे मला माहीत आहे. तुझी आई गेली तेव्हा मी फोन केला नाही. कारण सांगत नाही, फक्त तुझं ऐकायचं आहे," असं म्हटलं. ती पहिल्यांदा काहीच बोलली नाही. नंतर थोडं बोलली. आमची मैत्री पूर्वीसारखी झालेली नाही, आणि ती होईल असं धरून तुम्हीही असा फोन करू नका. समोरच्याने माफ केलं नाही तरी तुमचं पत्र खोटं ठरत नाही. त्याचा हिशेब वेगळा.

पत्र ठेवायचं की फाडायचं

काही जण फाडतात, जाळतात. मी ठेवा म्हणेन, निदान तीन महिने. पाकिटावर वाचायची तारीख घाला आणि मधल्या काळात उघडू नका. टोचणी परत आली की सगळं पत्र नव्याने लिहायची गरज नसते, पाकीट जागेवर आहे एवढं आठवलं तरी बऱ्याचदा पुरतं. तारीख आली की हातात पेन घेऊनच वाचा. खरं न वाटणारं वाक्य खोडा, समासात दुरुस्ती लिहा.

मी उघडलं तेव्हा "एक रात्रही थांबली नाहीस" हे वाक्य मला थोडं कडक वाटलं, पण ते राहू दिलं. "त्याने दिले असते" याखाली "त्याला माहीत होतं" असं लिहिलं. चौथा परिच्छेद बराच वेळ वाचत बसले. मग मागच्या कोऱ्या बाजूला तारीख टाकली, घरचं नाव लिहिलं, आणि खाली: "तू बोललीस. माफ करते."